z³ − 1 ची तीन खोरी: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

काम ठरले ते असे. त्रिघाती बहुपदी `f(z) = z^3 - 1` घ्यायची. तिची मुळे तीन: १, आणि एकक वर्तुळावर १२०° व २४०° वर बसलेली ω आणि ω². संमिश्र प्रतलातल्या प्रत्येक बिंदूपासून न्यूटनची स्पर्शरेषा पद्धत चालवायची आणि तो बिंदू शेवटी ज्या मुळाशी पोहोचतो त्या मुळाचा रंग त्याला द्यायचा. १ साठी लाल, ω साठी हिरवा, ω² साठी निळा. एका रंगाचे सगळे बिंदू मिळून त्या मुळाचे खोरे. कुठल्या डोंगरउतारावर पडलेले पाणी कुठल्या नदीला मिळते, तसाच हा प्रश्न आहे, म्हणून हाच शब्द वापरतो.

एका फेरीचे सूत्र `z - f(z)/f'(z)`. ते सोडवले की

`N(z) = (2z^3 + 1) / (3z^2)`

पुढच्या सगळ्या नोंदी या एका ओळीतून निघतात.

आधी द्विघाती पाहून घेतले, कारण तुलना तिथूनच सुरू होते. `z^2 - 1` साठी `N(z) = (z + 1/z)/2` येते. `w = (z-1)/(z+1)` असा बदल केला की ही फेरी म्हणजे फक्त `w` चा वर्ग. |w| एकपेक्षा कमी असेल तर वर्ग करत करत तो शून्याकडे जातो, म्हणजे z हा १ कडे. जास्त असेल तर z हा −१ कडे. |w| = १ म्हणजे दोन्ही मुळांपासून सारखे अंतर, म्हणजेच शाळेतला लंबदुभाजक. हद्द सरळ रेषा, विषय संपला. आर्थर केली यांनी १८७९ मध्ये हे दाखवले आणि त्याच लेखात त्रिघातीचे प्रकरण बरेच अवघड दिसते असे नोंदवून ठेवले. तीन मुळे असतील तर तीन लंबदुभाजक मध्यात मिळतील आणि प्रतलाचे तीन सारखे वाटे होतील, असे कुणालाही वाटेल. तसे होत नाही. का होत नाही, तेवढेच या नोंदींत शोधायचे आहे.

५ फेब्रुवारी

पहिली आवृत्ती चालली. चौकट −२ ते २, दोन्ही दिशांना ८०० पिक्सेल, म्हणजे पिक्सेलची बाजू ०.००५.

```python
import numpy as np
n, w, c, cap, tol = 800, 4.0, 0.0, 20, 1e-6
t = (np.arange(n) + 0.5) / n - 0.5
z = c + w*t[None, :] - 1j*w*t[:, None]
roots = np.exp(2j*np.pi*np.arange(3)/3)
who = np.full(z.shape, -1)
for k in range(cap):
    m = who < 0
    z[m] = (2*z[m] + 1/z[m]**2) / 3
    for j, r in enumerate(roots):
        who[m & (abs(z - r) < tol)] = j
```

`+ 0.5` मुद्दाम आहे. बिंदू पिक्सेलच्या मध्यावर घेतले आणि `n` सम ठेवला की नेमका z = 0 जाळीत येत नाही. `n = 801` केले तर मधला बिंदू बरोबर शून्य होतो, भागाकार शून्याने होतो, `nan` येतो आणि एक पिक्सेल कायमचा रंगाविना राहतो. चित्र बिघडत नाही, पण इशारा दिसला की माणूस भलतीकडेच चूक शोधत बसतो.

चित्रात तीन मोठे प्रदेश अपेक्षेप्रमाणे आहेत. पण दोन प्रदेशांच्या मध्ये रेषा नाही, मण्यांची माळ आहे. डावीकडे हिरव्या आणि निळ्या प्रदेशांच्या मधोमध ऋण वास्तव अक्षावर लाल मणी ओळीने बसलेत. हे लाल मणी हातानेही पडताळता येतात. z वास्तव असेल तर N(z) वास्तवच राहतो, त्यामुळे अक्षावरचा बिंदू ω किंवा ω² पर्यंत पोहोचूच शकत नाही. त्याला जायला जागा एकच, १. अपवाद फक्त फेऱ्यांत कधीतरी नेमक्या शून्यावर येऊन पडणाऱ्या बिंदूंचा. म्हणजे हिरवा आणि निळा समोरासमोर आले तिथे तिसरा रंग मध्ये घुसला आहे. ही गोष्ट १७ तारखेच्या नोंदीत पुन्हा लागेल.

६ फेब्रुवारी

चित्राच्या मध्यावर काळा ठिपका आहे, त्रिज्या चार ते पाच पिक्सेल. त्याच्या लहान प्रती मण्यांच्या सांध्यांवरही दिसतात. फेऱ्यांची मर्यादा २० आहे हे कारण असणार असा अंदाज होता, पण आकडा जुळतो का ते पाहिले.

शून्याजवळ स्पर्शरेषा जवळपास आडवी असते. z चे अंतर ε असेल तर N(z) चे अंतर सुमारे `1/(3ε^2)`. म्हणजे ०.००१ वरचा बिंदू एका फेरीत तीन लाखांपलीकडे फेकला जातो. तिथून परतीचा वेग ठरलेला आहे: दूर अंतरावर `1/z^2` नगण्य होतो आणि प्रत्येक फेरीत z चा दोन तृतीयांश उरतो. धन अक्षावर २९२ पासून हाताने चालवले तर तेराव्या फेरीला १.५९, चौदाव्याला १.१९, पंधराव्याला १.०२९, सोळाव्याला १.०००८ आणि सतराव्या फेरीला चूक 1e-6 च्या आत. शेवटच्या तीन पायऱ्यांत चुकीचा दर वेळी वर्ग होतो आहे, हे न्यूटनचे ओळखीचे लक्षण. ६५७ पासून निघाले तर याहून दोन फेऱ्या जास्त, म्हणजे १९. पहिल्या उडीची एक धरून २०. ज्या ε साठी `1/(3ε^2)` ६५७ होते तो ०.०२२५, म्हणजे साडेचार पिक्सेल. आकडा जुळला.

म्हणजे तो ठिपका खोऱ्यांचा भाग नाही, आपण लवकर थांबलो एवढेच. मर्यादा ४० केली की ठिपक्याची त्रिज्या 1.5^10, म्हणजे सुमारे ५८ पटींनी घटून ०.०००४ वर येते आणि पिक्सेलमध्ये मावून जाते. आता `cap = 60`. काळे दिसले की पहिली तपासणी हीच: मर्यादा वाढवल्यावर ते आकसते का.

९ फेब्रुवारी

वेग वाढवण्यासाठी `tol = 1.0` करून पाहिले. मुळापासून एक अंतराच्या आत आला की रंग द्यायचा आणि पुढे मोजायचे नाही. चित्र झरझर आले, पण मण्यांच्या काही कडा गुळगुळीत, वर्तुळाच्या कंसासारख्या झाल्या. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. या चित्रात हद्दीवर गुळगुळीत कंस दिसला की तो थांबण्याच्या अटीचा ठसा असतो, खोऱ्याचा नव्हे. कारण साधे: ०.४४० + ०.३९४i हा हद्दीवरचा बिंदू १ पासून ०.६८५ वरच आहे. त्यामुळे एक त्रिज्येच्या वर्तुळात तिन्ही रंग असतात आणि आपण सगळ्यांना लाल म्हणतो.

मग किती त्रिज्या सुरक्षित? थोडे बीजगणित केले की

`N(z) - 1 = (z-1)^2 (2z+1) / (3z^2)`

मुळापासूनचे अंतर r असेल तर |2z+1| हा 3+2r पेक्षा जास्त नाही आणि |z| हा 1−r पेक्षा कमी नाही. नवे अंतर जुन्यापेक्षा कमीच राहावे यासाठी `r(3+2r) < 3(1-r)^2` पुरेसे, म्हणजे `r^2 - 9r + 3 > 0`, म्हणजे r हा ०.३४६ च्या आत. तेव्हा रंगापुरते काम असेल तर `tol = 0.3` निर्धास्त ठेवता येते, कारण त्या वर्तुळात शिरलेला बिंदू बाहेर पडत नाही. फेऱ्यांच्या संख्येनुसार छटा द्यायच्या असतील तर मात्र 1e-6 च हवे. ०.३ वर थांबल्यास छटांचे पट्टे जाड आणि ढोबळ येतात.

१२ फेब्रुवारी

आज मुख्य भाग. मध्यावरचे फूल आणि त्याच्या प्रती.

शून्याजवळ `N(z) ≈ 1/(3z^2)`. z ची दिशा θ असेल तर N(z) ची दिशा −2θ. शून्याभोवती एक फेरी मारली की प्रतिमा दूर अंतरावर दोन फेऱ्या मारते, उलट दिशेने. दूर अंतरावर तीन रंगांचे तीन मोठे पट्टे असतात, त्यामुळे शून्याभोवती सहा पाकळ्या येतात. ०° पासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत गेल्यास लाल, निळी, हिरवी, लाल, निळी, हिरवी. समोरासमोरच्या पाकळ्यांचा रंग एकच.

आता शून्यावर नेऊन टाकणारे बिंदू कोणते? `2z^3 + 1 = 0`, म्हणजे −०.७९३७ आणि ते १२०° व २४०° फिरवून मिळणारे दोन. −०.७९३७ पाशी विकलज काढला: `N'(z) = 2(z^3-1)/(3z^3)`, आणि तिथे z³ = −१/२ असल्याने N' बरोबर २ येतो. पूर्ण संख्या, वास्तव आणि धन. याचा अर्थ −०.७९३७ भोवतीचा छोटा तुकडा न वळता दुप्पट होऊन शून्याभोवती बसतो. आणि z व N(z) यांचा रंग नेहमी एकच असतो, कारण एक फेरी आधी मोजली काय नि नंतर, मुक्काम तोच. तेव्हा −०.७९३७ भोवती मध्यावरच्याच फुलाची अर्ध्या मापाची प्रत असलीच पाहिजे, रंगांच्या त्याच क्रमाने.

तीन बिंदू जवळून पाहिले. −०.७९३७ पासून तिघांचेही अंतर ०.०१, दिशा ०°, ६०°, १२०°.

पहिला: एका फेरीत ०.०२०२५ वर येतो, दुसऱ्या फेरीत सुमारे ८१३ वर, दिशा ०°. तिथून दोन तृतीयांश होत होत १ ला मिळतो.

दुसरा: एका फेरीत ०.००९९ + ०.०१७५i, दुसऱ्या फेरीत सुमारे ८२३ अंतरावर, दिशा २३९°. ω² कडे, निळा.

तिसरा: एका फेरीत −०.०१०१ + ०.०१७१i, दुसऱ्या फेरीत सुमारे ८४४ अंतरावर, दिशा ११९°. ω कडे, हिरवा.

शेजारच्या दोघांत अंतर ०.०१, म्हणजे दोन पिक्सेल. दोनच फेऱ्यांनंतर ते प्रतलाच्या तीन टोकांना आहेत. त्या दोन फेऱ्यांतली पहिली निरुपद्रवी आहे, ती फक्त दुप्पट करते. सगळी फेकाफेक दुसऱ्या फेरीत होते, शून्याजवळच्या आडव्या स्पर्शरेषेमुळे.

प्रत किती नेमकी आहे हेही मोजता येते. −०.७९३७ पासून δ अंतरावर `N ≈ 2δ + 2.52δ^2`. δ = ०.१ असेल तर दुसरे पद पहिल्याच्या साडेबारा टक्के, म्हणून मोठ्या चौकटीत फूल जरा ओढल्यासारखे दिसते. δ = ०.०१ ला सव्वा टक्का. चौकट −०.७९३७ ± ०.०१ काढून ती मध्यावरच्या ± ०.०२ चौकटीवर ठेवली, मोठी फुले एकमेकांवर बसली आणि फरक फक्त कडेच्या बारीक मण्यांत राहिला. आपला कोड बरोबर आहे याची ही उत्तम चाचणी आहे. सूत्रात एखादे चिन्ह चुकले असेल तर चित्र तरीही सुंदर येते, पण ही दोन चित्रे जुळत नाहीत.

१४ फेब्रुवारी

प्रती इथे थांबत नाहीत. −०.७९३७ वर नेणारे बिंदू पुन्हा तीन: वास्तव अक्षावर −१.४३३८ आणि शून्याच्या जवळ ०.१२१६ ± ०.५७७९i. ९ तारखेचा ०.४४० + ०.३९४i हा यांतलाच एक, १२०° फिरवलेला. या प्रत्येकापाशी N' शून्य नाही, म्हणून प्रत्येकापाशी पुन्हा सहा पाकळ्यांचे फूल. त्यांच्यावर नेणारे आणखी तीन-तीन, आणि हे अखंड.

अक्षावरची साखळी −०.७९३७, −१.४३३८, −२.२४९५ अशी बाहेर जाते. हेच ५ तारखेच्या लाल मण्यांचे सांधे. लागोपाठच्या दोन सांध्यांचे गुणोत्तर १.८१, १.५७ असे उतरत १.५ कडे जाते, कारण दूर अंतरावर N म्हणजे निव्वळ दोन तृतीयांश. म्हणून चौकट कितीही मोठी केली तरी माळ बारीक होत नाही, तेवढ्याच कोनात मणी मोठे होत जातात. बाहेर गेल्यावर हद्द सरळ होत असेल असे वाटत असेल तर `w = 400` करून पाहावे.

१७ फेब्रुवारी

फुलांच्या प्रती समजल्या, पण त्यातून हद्दीवर *प्रत्येक* ठिकाणी असेच का, हे सिद्ध होत नाही. एखाद्या कोपऱ्यात लाल आणि निळा यांच्यामध्ये साधी, गुळगुळीत रेषा का असू नये?

युक्तिवाद असा. हद्दीवरचा कुठलाही बिंदू p घ्या आणि त्याच्याभोवती हवे तेवढे लहान वर्तुळ. समजा त्या वर्तुळात लाल आणि निळा आहेत, हिरवा अजिबात नाही. रंग फेरीने बदलत नाही, म्हणून त्या वर्तुळाच्या कितीही फेऱ्यांनंतरच्या प्रतिमा हिरव्या खोऱ्याला स्पर्श करणार नाहीत. हिरवे खोरे म्हणजे एखाद-दुसरा बिंदू नव्हे, अख्खा प्रदेश. आणि पॉल माँटेल यांचे प्रमेय सांगते की लागोपाठच्या फेऱ्या एखाद्या वर्तुळात प्रतलातले निदान तीन बिंदू टाळत असतील, तर त्या फेऱ्या तिथे शांत वागतात: जवळचे बिंदू जवळ राहतात. पण p जवळचे लाल बिंदू १ ला जातात आणि निळे ω² ला, म्हणजे जवळचे बिंदू जवळ राहत नाहीत. विसंगती. तेव्हा हिरवा तिथे असलाच पाहिजे.

म्हणजे नियम असा झाला: जिथे दोन रंग भेटतात तिथे तिसराही हजर असतो, कितीही लहान वर्तुळात. आता गुळगुळीत रेषेला जागाच उरत नाही. रेषेला बाजू दोन, प्रत्येक बाजूला एक रंग, म्हणून रेषेवरच्या बिंदूजवळ जास्तीत जास्त दोन रंग. तीन रंगांची अट ती पाळू शकत नाही. द्विघातीत रंगच दोन होते, म्हणून तिथे लंबदुभाजक चालून गेला. नकाशावर तीन नद्यांची खोरी एका बिंदूत भेटणे ही तुरळक गोष्ट असते. इथे हद्दीचा प्रत्येक बिंदू तसा आहे.

पिएर फातू आणि गास्ताँ ज्युलिया यांनी १९१८ च्या सुमारास संगणकाशिवाय, माँटेल यांच्या या प्रमेयाच्याच आधारावर असल्या हद्दींचा पाया रचला. चित्र न पाहता ही गोष्ट कळणे हे मला फार मोठे वाटते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. हद्द एवढी गुंतागुंतीची असली तरी z³ − 1 साठी तिचे क्षेत्रफळ शून्य आहे. यादृच्छिक बिंदू निवडला तर तो कुठल्या ना कुठल्या मुळाला जातोच.

२० फेब्रुवारी

−०.७९३७ वर खोल जाताना चौकट 1e-13 रुंद केली तेव्हा चित्राचे चौकोनी ठोकळे झाले. ०.७९ च्या आसपास दुहेरी अचूकतेच्या दोन लगतच्या संख्यांत अंतर 1.1e-16 असते आणि पिक्सेल 1.25e-16 चा झाला होता. शिवाय `2z^3 + 1` मध्ये जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी होते, म्हणून कण त्याआधीच दिसू लागतात.

उपाय मोठ्या अचूकतेचा नाही, पहिली फेरी δ मध्ये लिहिण्याचा आहे. c म्हणजे इथे −०.७९३७ चा नेमका बिंदू. c³ = −१/२ वापरले की

`N = 2δ(3c^2 + 3cδ + δ^2) / (3(c+δ)^2)`

इथे वजाबाकी उरत नाही. जाळी δ ची करायची, ही एक फेरी वेगळी चालवायची आणि मग नेहमीचा कोड. δ = 1e-60 पर्यंत चित्र स्वच्छ येते. मात्र दर दहापट खोलीला मर्यादा सुमारे ११ फेऱ्यांनी वाढवावी लागते, कारण उडी δ च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आणि परती १.५ च्या पटीने: `2·ln 10 / ln 1.5`. हे विसरले की ६ तारखेचा काळा ठिपका परत येतो.

२४ फेब्रुवारी

फेकाफेक मोठ्या उडीमुळे होते, तर उडीच लहान केली तर? `z - h·f/f'` घेतले, h = ०.५ आणि ०.१.

टोकाचे प्रकरण आधी कागदावर. h अगदी शून्याकडे नेला की उड्यांऐवजी संथ प्रवाह मिळतो आणि त्या प्रवाहात f(z) ची दिशा तीच राहून माप फक्त घटत जाते. हद्दीवर तेच बिंदू, जे वाहत वाहत z = 0 वर येऊन अडकतात. तिथे f = −१, म्हणून z³ ऋण वास्तव, म्हणजे ६०°, १८०°, ३००° चे तीन सरळ किरण. पहिल्या दिवशीचे तीन सारखे वाटे! खरेखुरे पाणी वाहिले असते तर खोरी तशीच असती. मण्यांची माळ उडीतून जन्मते.

h मर्यादित असेल तर माळ बारीक होते, नाहीशी होत नाही. पहिल्या लाल मण्याचे टोक h = १ ला −०.७९३७, ०.५ ला −०.५८४८, ०.१ ला −०.३२५५. १७ तारखेचा युक्तिवाद h साठी अक्षरशः तसाच लागू पडतो, त्यामुळे कुठल्याच h ला हद्द गुळगुळीत होणार नाही.

किंमत मात्र वेगात मोजावी लागते. h = ०.१ ला `cap = 60` ठेवून चालवले तर जवळपास सगळे चित्र काळे आले. मुळाजवळ आता चुकीचा वर्ग होत नाही, दर फेरीला ती फक्त १ − h पट होते. ०.९ च्या पटीने 1e-6 वर यायला सुमारे १३१ फेऱ्या लागतात. रंगापुरते काम असल्याने `tol = 0.3` वर थांबून आणि मर्यादा ४०० करून चित्र मिळाले.

२७ फेब्रुवारी

शेवटची परीक्षा `z^3 - 2z + 2` ची. मुळे −१.७६९३ आणि ०.८८४६ ± ०.५८९७i. मर्यादा ६० ला काळे डाग आले, ४०० ला तसेच, २००० ला तसेच. हे काळे आकसत नाही.

z = 0 पासून: f = २, f' = −२, पुढचा बिंदू १. तिथे f = १, f' = १, पुढचा बिंदू ०. शून्य, एक, शून्य, एक. आणि हे चक्र आजूबाजूच्यांनाही ओढते, कारण शून्यापाशी f'' शून्य असल्याने N' शून्य आहे. शून्याजवळ दोन फेऱ्यांचा परिणाम सुमारे `9z^2`. ०.१ पासून निघाले तर ०.१ → १.०१४२ → ०.०७९७ → १.००९१ → ०.०५२२, चक्रात रुतत जाते. ०.२ पासून निघाले तर दोन-दोन फेऱ्यांनी ०.२६१, ०.३९०, म्हणजे सुटते. हे चौथे खोरे आहे, मूळ नसलेले, आणि त्याला खरे क्षेत्रफळ आहे.

असे खोरे आहे की नाही हे चित्र न काढता एका बिंदूवरून ठरवता येते. फातू यांचे प्रमेय असे की प्रत्येक आकर्षक चक्र N' शून्य असलेला निदान एक बिंदू स्वतःकडे खेचते. त्रिघातीत वेगवेगळी मुळे असतील तर असे बिंदू म्हणजे स्वतः तीन मुळे, जी जागची हलत नाहीत, आणि f'' शून्य करणारा एक, जो तिन्ही मुळांचा मध्यबिंदू असतो. तेव्हा तेवढ्या एकाच बिंदूपासून फेऱ्या चालवायच्या. तो मुळाला गेला तर चौथे खोरे नाही. चक्रात अडकला तर आहे. z³ − 1 मध्ये तो बिंदू शून्य, एका फेरीत अनंतावर जातो, आणि अनंत स्वतः दूर लोटणारे ठिकाण असल्याने तिथे काळे खोरे बनत नाही.

कोडमध्ये हा तपास जाळी भरण्याआधी घातला आहे. नवी त्रिघाती दिली की आधी मध्यबिंदूची वाट छापली जाते, मग चित्र.